साहेब गेले, बिल अडकलं: सही आता कुणाची?

"ताई, मी आणि माझी मैत्रीण मिळून कारखान्यांत सुरक्षेचं प्रशिक्षण देतो. चाकणच्या एका कंपनीत मे-जूनमध्ये कामगारांची सत्रं घेतली, शेवटचं 27 जूनला. पीओ, म्हणजे कंपनीची लेखी ऑर्डर, सहा सत्रांची, 1,50,000 रुपयांची होती. तिथल्या ट्रेनिंग मॅनेजरनी फोनवर सांगितलं म्हणून कंत्राटी कामगारांसाठी सातवं सत्र घेतलं आणि पुस्तिकाही छापून दिल्या. सगळ्याचं मिळून 1,84,000 अधिक जीएसटी असं एकच बिल 10 जुलैला दिलं. ऑगस्टमध्ये ते साहेब नोकरी सोडून गेले. आता अकाउंट्स म्हणतं डिपार्टमेंटचं अप्रूव्हल आणा, आणि त्यांच्या जागी आलेल्या मॅडम म्हणतात हे माझ्या आधीचं आहे. नोव्हेंबर उजाडला. जीएसटी आम्ही खिशातून भरून बसलोय. लहान उद्योग म्हणून उद्यम नोंदणी आहे, पण नोटीस पाठवली तर पुढची कामं जातील. मागे लागायचं तरी कुणाच्या?"
— एक वाचक, पिंपरी

नमस्कार.

मागे कुणाच्या लागायचं हे ठरवण्याआधी बिल नेमकं कुठे बसलंय ते शोधा. मी अनेक वर्षं कंपन्यांच्या अकाउंट्समध्ये, म्हणजे ज्या टेबलावर तुमची बिलं येऊन पडतात त्या टेबलामागे बसले आहे. "पेमेंट कधी होणार?" असा फोन आला की आम्ही न बघताच सांगायचो, "अप्रूव्हल पेंडिंग आहे." ते खोटं नसायचं, पण त्यातून कुणाला काही कळायचंही नाही.

तुम्ही पेमेंटबद्दल विचारूच नका. कंपनीने तुम्हाला दिलेला व्हेंडर कोड आणि बिल नंबर हाताशी ठेवून अकाउंट्सला फोन करा आणि विचारा, "हे बिल सिस्टीममध्ये एंटर झालंय का? डॉक्युमेंट नंबर पडलाय का? सर्व्हिस एन्ट्री झाली आहे का?" याची उत्तरं फोन घेणाऱ्या मुलाला स्क्रीनवर बघूनच द्यावी लागतात. बहुतेक वेळा तीनपैकी एक गोष्ट निघते. बिल त्यांच्याकडे पोचलंच नाही, कारण ते फक्त गेलेल्या साहेबांच्या मेलवर गेलं होतं आणि तो आयडी बंद झालाय. किंवा बिल पोचलं, एंटर करून 'पार्क' केलं, म्हणजे अर्धवट ठेवलं, पण काम झाल्याची नोंद, म्हणजे सर्व्हिस एन्ट्री, कुणी केलीच नाही. किंवा नोंदही झाली आणि मंजुरीसाठी बिल ज्या इनबॉक्समध्ये गेलं तो इनबॉक्स गेलेल्या माणसाचा आहे. या तिसऱ्या प्रकारात बिल कुणी नाकारलेलं नसतं, उघडून पाहिलेलंही नसतं. विभागप्रमुखाने आयटीकडे एक तिकीट टाकून ते दुसऱ्याच्या नावावर वळवलं की दोन दिवसांत सुटतं. पण असं तिकीट टाकायला हवं हे त्या प्रमुखाला कुणी सांगितलेलंच नसतं.

फोन करण्याआधी घरबसल्या एक तपासणी होते. आयकर पोर्टलवर तुमच्या फर्मचा 26एएस, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या कराचा तक्ता, उघडा आणि या कंपनीच्या नावाने जुलै-सप्टेंबर तिमाहीत टीडीएसची काही नोंद दिसते का बघा. टीडीएस पैसे देताना किंवा रक्कम तुमच्या खात्यात जमा दाखवताना, जे आधी होईल तेव्हा कापावा लागतो. त्या तिमाहीच्या रिटर्नची मुदत 31 ऑक्टोबर असते, म्हणजे आता नोव्हेंबरच्या मध्याला नोंद दिसायला हवी. पैसे न मिळता टीडीएस दिसला, तर कंपनीने तुमचं देणं वह्यांत घेतलंय असा त्याचा अर्थ. मग "आम्हाला काही माहीत नाही" हे बोलणं टिकत नाही. आणि किती रकमेवर टीडीएस कापलाय ते जरूर पाहा. 1,50,000 वर की 1,84,000 वर? बिलाचा कुठला भाग त्यांनी मानलाय हे तिथेच कळेल.

माझा अंदाज असा की नोंद दिसणार नाही, कारण तुमचं बिल दुसऱ्या प्रकारात अडकलंय. आणि त्याला साहेबांच्या जाण्याइतकंच ते सातवं सत्रही कारण आहे. सिस्टीम पीओ, काम झाल्याची नोंद आणि बिल या तीन गोष्टी जुळवून बघते. पीओत सत्रं सहा, दर 25,000. बिलात सत्रं सात, शिवाय 9,000 रुपयांच्या पुस्तिका, ज्यांची पीओत ओळच नाही. सातव्या सत्राची नोंद करायला गेलं की स्क्रीन लाल होते. साहेब असते तर त्यांनी पीओत दुरुस्ती करून घेतली असती. बहुधा तेच करायचं राहून गेलं. नव्या मॅडमना मात्र एवढंच दिसतंय की पीओपेक्षा 34,000 जास्त असलेलं, आपण न पाहिलेल्या कामाचं बिल आपल्यासमोर सहीला आलंय. उद्या इंटर्नल ऑडिटने विचारलं तर उत्तर त्यांना द्यावं लागणार. त्या सही करत नाहीत यात आडमुठेपणा नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही केली नसती.

तेव्हा मॅडमच्या मागे लागण्यापेक्षा त्यांची सही त्यांच्यासाठी सुरक्षित करून द्या. त्याला दोन गोष्टी लागतील: काम झालं याचा कंपनीच्याच कागदावरचा पुरावा, आणि ज्याचं बजेट आहे त्या माणसाचा एक होकार.

पुराव्यात लोक स्वतःची प्रेझेंटेशन आणि फोटो जोडतात. ते जोडा, पण वजन पडतं ते कंपनीच्या हातून झालेल्या नोंदींचं. प्रत्येक सत्राला तुम्ही गेटवर नाव लिहिलं असेल, व्हिजिटर पासवर आत जाण्याची-बाहेर पडण्याची वेळ आणि भेटलेल्या माणसाची सही असेल, लॅपटॉपचा सीरियल नंबरही रजिस्टरमध्ये चढवला असेल. ते पास फाइलमध्ये असतील तर सोनं आहेत. नसतील तर सिक्युरिटीच्या रजिस्टरमध्ये तारखा आहेतच. तुम्ही फक्त सात तारखा आणि वेळा लिहून द्या, पडताळणी ते करतील. दुसरा कागद कामगारांच्या सह्यांचा हजेरीपट. त्याची मूळ प्रत तुमच्याकडे नसेल, पण कंपनीत कुणाकडे तरी नक्की आहे, आणि इथे तुम्हाला तुमचा माणूस सापडेल.

तो म्हणजे सेफ्टी ऑफिसर. सुरक्षेचं प्रशिक्षण ट्रेनिंग विभागाने आयोजित केलं तरी त्याची गरज सेफ्टीला असते. फॅक्टरी इन्स्पेक्टर आला, किंवा आयएसओ 45001 चं ऑडिट लागलं, की कामगारांना प्रशिक्षण दिल्याच्या नोंदी सेफ्टीलाच दाखवाव्या लागतात. तुमचे हजेरीपट त्यांच्या फाइलमध्ये लागलेले असण्याची शक्यता दाट आहे. तुमचं काम ज्याने स्वतःच्या ऑडिटसाठी वापरलंय, तो "काम झालंच नाही" असं म्हणू शकत नाही. कंत्राटी कामगारांचं सातवं सत्र तर मला वाटतं सेफ्टीच्याच आग्रहाने झालं असेल. ट्रेनिंग मॅनेजरला ते आपणहून सुचण्याचं कारण दिसत नाही. सेफ्टी ऑफिसरला भेटा आणि एवढंच मागा: "या सात तारखांना सत्रं झाली, हजेरीपट आमच्याकडे आहेत" असा दोन ओळींचा मेल, मॅडमना आणि तुम्हाला. पैसे मंजूर करा असं त्यांना म्हणू नका, लगेच अंग काढून घेतील.

आता बजेटवाला माणूस. पीओची प्रत काढा. त्यावर खरेदीची मागणी कुणी केली याचं नाव किंवा कोड असतो आणि बहुतेक पीओंवर कॉस्ट सेंटरही, म्हणजे खर्च ज्या विभागाच्या नावावर पडतो त्याचा कोड, छापलेला असतो. माणूस जातो, कॉस्ट सेंटर जात नाही. त्याचा खर्च दर महिन्याला कुणीतरी विभागप्रमुख बघत असतो. अकाउंट्सला किंवा परचेसला विचारा, "या कॉस्ट सेंटरचे हेड सध्या कोण?" हा प्रश्न कुणाला झोंबत नाही आणि उत्तरात सरळ नाव मिळतं. ते नाव मिळालं की मॅडमना वगळून वर गेल्याचा आव आणू नका. मेल मॅडम आणि हेड दोघांना एकत्र जाऊ द्या, अकाउंट्स आणि परचेस प्रतीत.

गेलेल्या साहेबांनाही एक मेसेज करायला हरकत नाही. त्यांचा होकार आता मंजुरी म्हणून चालणार नाही, पण साक्ष म्हणून चालतो. विचारा दोनच गोष्टी: सातवं सत्र कुणाशी बोलून ठरलं होतं, आणि ते रिपोर्ट कुणाला करायचे. कंपनीची कागदपत्रं किंवा जुने मेल त्यांच्याकडून मागू नका; देणं त्यांना अडचणीचं आहे आणि तसे मिळालेले कागद वापरणं तुम्हाला.

एवढं जमलं की मेल लिहा. इंग्रजीत लिहायचा असेल तर इंग्रजीत लिहा, पण मजकूर असा असू द्या:

"विषय: पीओ क्र. ___, बिल क्र. ___ दि. 10 जुलै: सर्व्हिस एन्ट्री आणि मंजुरी वळवण्याबाबत.
आपल्या प्लांटमध्ये मे-जूनमध्ये सुरक्षा प्रशिक्षणाची सात सत्रं झाली. तारखा, गेट पास आणि सेफ्टी विभागाचा दुजोरा सोबत आहे. हे काम श्री. ___ पाहत होते. ते ऑगस्टमध्ये गेल्यापासून बिल त्यांच्या नावावर प्रलंबित आहे. आपल्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. एक, पीओतल्या सहा सत्रांची सर्व्हिस एन्ट्री. दोन, सातवं सत्र आणि पुस्तिका यांच्या 34,000 रुपयांसाठी पीओत दुरुस्ती. ही दुरुस्ती शक्य नसल्यास कळवावं, म्हणजे बिल त्याप्रमाणे वेगळं करून देऊ. मंजुरी आता कुणाच्या आयडीवर जाईल तेही कळवावं. मी गुरुवारी प्लांटला येऊ शकते."

यात "आम्ही चार महिने वाट पाहतोय", "आमची परिस्थिती" असलं काही घालू नका. वाचणाऱ्याला त्यावर काही करता येत नाही. दोन नेमक्या कृती मागितल्या की त्या कुणाच्या यादीत तरी चढतात. आणि शेवटचं वाक्य खरं करा, गुरुवारी जाच. तुम्ही समोर बसलेल्या असताना हेडने अकाउंट्सला फोन लावला, तर दहा मेलचं काम होतं. जुलैचा मूळ मेल फॉरवर्ड करू नका, बिल आणि पीओ नव्याने पीडीएफ जोडा. 

बिल वेगळं करण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तुमचे मोठे पैसे यातून सुटतील. दुरुस्तीला हेड आठवड्याभरात हो म्हणाले तर बिलाला हात लावू नका. टाळाटाळ दिसली तर 34,000 साठी दीड लाख ओलीस ठेवण्यात अर्थ नाही. 34,000 आणि त्यावरचे 6,120 असे 40,120 रुपयांची क्रेडिट नोट काढा, म्हणजे बिलातून तेवढी रक्कम कमी केल्याचा कागद. मूळ बिल 2,17,120 चं होतं, उरतात 1,77,000, म्हणजे बरोबर पीओची रक्कम आणि त्यावरचा 18 टक्के जीएसटी. सिस्टीमला नकार द्यायला जागा राहत नाही. क्रेडिट नोट तुमच्या विक्रीच्या जीएसटी रिटर्नमध्ये, म्हणजे जीएसटीआर-1 मध्ये, दाखवा आणि त्यांच्या अकाउंट्सला आधी सांगून ठेवा. त्यांनी या बिलावरच्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या करातून वजावट, घेतलं असेल तर तेवढं उलटवावं लागतं आणि न सांगता आलेल्या क्रेडिट नोटवर ते चिडतात. तुमच्या सीएला एक फोन करूनच हे करा. 34,000 चं नवीन बिल सुधारित पीओ हातात आल्यावर काढायचं, त्याआधी नाही. नाहीतर त्यावरचा जीएसटी पुन्हा खिशातून भराल.

आता कायद्याचं. नोटीस पाठवली तर काम जाईल ही भीती रास्त आहे, पण कायदा वापरणं म्हणजे नोटीसच असं नाही. तुमची उद्यम नोंदणी काम घेण्याआधीची असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. काम झाल्यानंतर केलेली असेल तर त्या कामासाठी ती लागू होते का यावर वाद होऊ शकतो, म्हणून सर्टिफिकेटवरची तारीख आधी पाहा.

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या 2006 च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सेवा मिळाल्यापासून 15 दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर सेवा दिल्याच्या दिवशीच ती स्वीकारली असं धरलं जातं. तुमचं शेवटचं सत्र 27 जूनला झालं आणि 12 जुलैपर्यंत हरकत आली नाही. म्हणजे "स्वीकृती कुणी दिली?" या प्रश्नाचं उत्तर, कायद्यापुरतं, आधीच झालेलं आहे, साहेब तर तेव्हा नोकरीतच होते. लेखी करारात कितीही मुदत लिहिली तरी ती 45 दिवसांपलीकडे जात नाही. म्हणजे 11 ऑगस्ट. पीओवर "60 दिवस" छापलेलं असेल तर ते चालत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं, आणि ते व्याज खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही.

हे सगळं मॅडमना ऐकवू नका. त्यांच्या हातात यातलं काही नाही आणि त्या आणखी बिचकतील. हे अकाउंट्स हेडच्या कानावर जायला हवं, तेही दोन तारखांच्या रूपात. पहिली 6 जानेवारी. जीएसटीत बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पैसे दिले नाहीत, तर घेतलेलं इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. तुमच्या बिलावर ते 33,120 रुपये आहे आणि 10 जुलैचे 180 दिवस 6 जानेवारीला भरतात. दुसरी 31 मार्च. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं मुदत उलटलेलं देणं वर्षअखेरपर्यंत दिलं नाही, तर तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा मिळत नाही. अकाउंट्समध्ये ही तरतूद 43बी(एच) म्हणून सगळ्यांना पाठ आहे. उद्यम सर्टिफिकेट जोडून एवढंच लिहा: "आमची नोंदणी सूक्ष्म उद्योग म्हणून आहे, आपल्या व्हेंडर मास्टरमध्ये तशी नोंद आहे का, कृपया तपासावं." अकाउंट्सच्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. आमच्याकडे असा मेल आला की ते बिल वेगळ्या यादीत जायचं, आणि ती यादी दर महिन्याला सीएफओंपुढे असायची.

व्याजाचा आकडा आत्ता मागू नका. हेडशी बोलताना "व्याजाचा विषय आम्ही काढत नाही, मूळ रक्कम या महिन्याच्या पेमेंट रनमध्ये घ्या" असं म्हणता येतं. न मागितलेल्या गोष्टीचा तेवढा उपयोग करून घ्या.

डिसेंबर संपेपर्यंत 1,77,000 हलले नाहीत, कुणी लेखी उत्तरही दिलं नाही, तर मात्र थकलेल्या पैशांच्या तक्रारींसाठी असलेल्या एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर अर्ज करा. वकील लागत नाही. उद्यम नंबर, पीओ, बिल आणि हे मेल पुरतात. तक्रार राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे जाते, ती आधी समेटाचा प्रयत्न करते आणि तो फसला तर लवादाकडे जाते. कायद्यात 90 दिवस लिहिलेत, प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ लागू शकतो हे धरून चला. पण निकाल तुमच्या बाजूने लागला आणि कंपनीला त्याविरुद्ध कोर्टात जायचं असेल, तर रकमेच्या 75 टक्के आधी भरावे लागतात, म्हणून बऱ्याच कंपन्या परिषदेची नोटीस आली की फाइल शोधायला लागतात. पुढच्या कामांचं म्हणाल, तर ज्या साहेबांनी ती दिली असती ते आता तिथे नाहीत. नव्या मॅडम तुम्हाला काम देतील की नाही हे या गुरुवारी त्यांना किती नीट कागद मिळतात यावर जास्त ठरेल.

राहिले 34,000. तिथे तुमच्याकडे पीओ नाही, फक्त फोन आहे. साहेबांच्या नंबरवर त्या आठवड्यातला एखादा व्हॉट्सॲप मेसेज, "शुक्रवारी कंत्राटी बॅच घ्या" किंवा "पुस्तिका 300 आणा" असा काहीही, सापडतो का बघा. स्टोअर किंवा गेटवर पुस्तिकांचे खोके उतरवताना चलनावर शिक्का मारून घेतला असेल तर तोही. यातलं काही मिळालं आणि सेफ्टीने सातव्या तारखेला दुजोरा दिला, तर दुरुस्ती मिळेल असं मला वाटतं. काहीच मिळालं नाही तर हेडना सांगा, की पुढच्या वर्षीच्या सत्रांची पीओ काढताना हे सत्र त्यात धरता येतं का पाहा, आणि तोवर त्या रकमेचं बिल काढू नका.